दोन टक्क्यांची सूट कोणाला परवडते?

इचलकरंजीतल्या एका कापड उत्पादकाने लाखाचा माल उधारीवर दिला असे समजू. बिलावर अट आहे: दहा दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम.

घेणाऱ्याला 2 टक्के किरकोळ वाटतात. पण सूट सोडली, तर 98,000 रुपये आणखी वीस दिवस वापरण्यासाठी तो 2,000 रुपये मोजतो. वर्षाच्या हिशोबात हा दर 37 टक्क्यांवर जातो. बँकेच्या कॅश क्रेडिटवर 12 टक्के व्याज असेल, तर वीस दिवसांचे व्याज जेमतेम 644 रुपये होते. म्हणजे कर्ज काढून दहाव्या दिवशी पैसे भरणेच शहाणपणाचे.

विक्रेत्याचा हिशोब मात्र उलटा आहे. गिऱ्हाईक खरोखर तिसाव्या दिवशी पैसे देणारे असेल, तर 644 रुपयांचे व्याज वाचवायला तो 2,000 रुपये घालवतो. पण तेच गिऱ्हाईक एरवी पंचाहत्तराव्या दिवशी देत असेल, तर पासष्ट दिवसांचे व्याज सुमारे 2,100 रुपये होते आणि सूट जेमतेम परवडते. म्हणून अट ठरवण्याआधी कागदावरची मुदत बाजूला ठेवून प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे प्रत्यक्ष कितव्या दिवशी येतात, हे खातेवहीत पाहावे लागते.

खरी डोकेदुखी वेगळीच असते. काही गिऱ्हाइके चाळिसाव्या दिवशी पैसे देतात आणि तरीही 2 टक्के कापून घेतात. खात्यावर दोन-दोन हजारांच्या बाक्या साचू लागल्या, की हेच चालले आहे असे ओळखावे. अशी कपात मान्य न करता फरकाची मागणी लगेच पाठवावी.