बालकांमधील पॉलिइथिलीन ग्लायकॉलची मात्रा आणि दीर्घकालीन सुरक्षितता

पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पाण्यात सहज विरघळणारे बहुवारिक संयुग असून बालकांच्या बद्धकोष्ठतेवर रेचक म्हणून वापरले जाते. औषधाच्या नावापुढील ३३५० किंवा ४००० हा आकडा त्याचे सरासरी रेणुवस्तुमान दर्शवतो. बालकांमधील बहुतांश बद्धकोष्ठतेमागे आतड्याचा कोणताही शारीरिक विकार नसतो. अशा बद्धकोष्ठतेस कार्यात्मक बद्धकोष्ठता म्हणतात. युरोप व उत्तर अमेरिकेतील बाल-जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शिकेत या विकारावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलला प्रथम पसंतीचे औषध मानले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१८ सालच्या शिफारशींतही एक वर्षावरील बालकांसाठी त्यास प्राधान्य दिलेले आहे. हे औषध पुष्कळदा अनेक महिने द्यावे लागते. त्यामुळे त्याची मात्रा कशी ठरवतात आणि दीर्घकाळ देणे सुरक्षित का मानले जाते, हे दोन्ही प्रश्न एकमेकांशी जोडलेले आहेत.

## कार्यपद्धती

पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा रेणू लांब साखळीसारखा असतो आणि तो हायड्रोजन बंधांद्वारे पाण्याचे रेणू धरून ठेवतो. औषधासोबत प्यायलेले पाणी एरवी मोठ्या आतड्यात शोषले गेले असते. या औषधामुळे ते मळातच राहते आणि मळ मऊ होऊन त्याचे आकारमान वाढते. म्हणून या औषधाची गणना परासरणी रेचकांत होते.

लॅक्टुलोज हेही परासरणी रेचकच आहे, पण मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे किण्वन करतात. त्यातून वायू निर्माण होऊन पोट फुगते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे असे विघटन होत नाही. सेना किंवा बिसाकोडिल यांसारखी उत्तेजक रेचके आतड्याच्या हालचाली वाढवतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आतड्याच्या मज्जातंतूंना अशा प्रकारे उत्तेजित करत नाही.

## उपचार दीर्घ का चालतो

कठीण मळ बाहेर पडताना वेदना झाल्यास बालक पुढील वेळी शौचाची भावना दाबून ठेवते. गुदाशयात साठलेल्या मळातील पाणी शोषले जात राहते, त्यामुळे तो अधिक मोठा व कठीण होतो आणि पुढील शौच आणखी वेदनादायक ठरते. हे चक्र चालू राहिल्यास गुदाशय ताणला जातो आणि तो भरल्याची जाणीव मंदावते. काही बालकांत साठलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ झिरपून कपडे नकळत खराब होतात.

मळ मऊ होणे हा उपचाराचा केवळ पहिला परिणाम असतो. ताणलेला गुदाशय पूर्ववत होण्यास आणि बालकाच्या मनातील वेदनेची भीती जाण्यास बराच अधिक काळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत मळ मऊ झाला म्हणून औषध थांबवल्यास पुन्हा एकदा कठीण मळ होतो आणि तेच चक्र नव्याने सुरू होते. अशा वेळी औषधाची सवय लागली असा समज होतो, पण तो बहुधा अपुऱ्या काळ दिलेल्या उपचाराचा परिणाम असतो.

## मात्रा

मात्रा बालकाच्या वजनानुसार ठरते आणि उपचाराचे दोन टप्पे असतात. गुदाशयात मळ साठलेला असल्यास प्रथम तो बाहेर काढावा लागतो. २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार या टप्प्यात दररोज प्रतिकिलो १ ते १.५ ग्रॅम मात्रा ३ ते ६ दिवस देतात. त्यानंतरच्या देखभालीच्या टप्प्यात दररोज प्रतिकिलो ०.४ ग्रॅमपासून सुरुवात करतात आणि परिणाम पाहून ती ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या मर्यादेत कमी-अधिक करतात. पहिला टप्पा वगळून थेट देखभालीची मात्रा दिल्यास साठलेला मळ तसाच राहतो आणि कडेने झिरपणे वाढू शकते.

पाच वर्षे वयाच्या व १६ किलो वजनाच्या बालकाचे उदाहरण घेता येईल. पहिल्या टप्प्यात त्याची दैनंदिन मात्रा १६ ते २४ ग्रॅम इतकी येते. देखभालीची प्रारंभिक मात्रा १६ × ०.४ म्हणजे ६.४ ग्रॅम होते आणि तिची मर्यादा ३.२ ते १२.८ ग्रॅम असते. १७ ग्रॅम चूर्ण २४० मिलिलिटर पाण्यात विरघळवले, तर त्यातील सुमारे ९० मिलिलिटर द्रावणात ६.४ ग्रॅम औषध असते. समजा, एका आठवड्यानंतरही हे बालक दोन-तीन दिवसांआड कठीण मळ करत असेल, तर मात्रा ८ ग्रॅमपर्यंत वाढवून पुन्हा काही दिवस निरीक्षण केले जाते. मळ पाण्यासारखा होऊ लागल्यास मात्रा कमी केली जाते. रोज किंवा एक दिवसाआड, वेदनेविना होणारा मऊ मळ हे योग्य मात्रेचे लक्षण मानतात.

मोजमापातील एक सर्वसामान्य चूक पुडीवरील वजनामुळे होते. काही उत्पादनांत केवळ पॉलिइथिलीन ग्लायकॉल असते, तर काहींत सोडियम व पोटॅशियमचे क्षारही मिसळलेले असतात. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या बालकांच्या एका क्षारयुक्त पुडीचे एकूण वजन ६.९ ग्रॅम असले, तरी त्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल सुमारे ६.५६ ग्रॅम असते. प्रौढांच्या पुडीत त्याच्या दुप्पट औषध असते. म्हणून ‘एक पुडी’ हे माप सर्वत्र सारखे नसते आणि मात्रा ग्रॅममध्येच लिहिणे अधिक अचूक ठरते. पाण्याचे प्रमाणही महत्त्वाचे असते, कारण औषध ज्या पाण्यासोबत घेतले जाते तेच पाणी ते मळात धरून ठेवते. क्षारयुक्त बालपुडीसाठी सुमारे ६० मिलिलिटर पाणी वापरतात.

## दीर्घकालीन सुरक्षिततेचा आधार

या औषधाच्या सुरक्षिततेचे मुख्य कारण त्याच्या रेणूच्या आकारात आहे. मोठे रेणू आतड्याच्या आवरणातून सहजी पार होत नाहीत. त्यामुळे घेतलेल्या मात्रेचा अत्यल्प अंश रक्तात शोषला जातो व मूत्रावाटे बाहेर पडतो, आणि उरलेले औषध मळासोबत जवळजवळ जसेच्या तसे निघून जाते. ते शरीरात साठत नसल्यामुळे अनेक महिने घेतल्यानेही त्याचा संचय होत नाही.

प्रत्यक्ष बालकांवरील निरीक्षणेही याच्याशी जुळतात. अमेरिकेतील आयोवा येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांवरील ८३ बालकांचा समावेश होता. त्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३३५० सरासरी ८.७ महिने घेतले होते आणि सरासरी मात्रा दररोज प्रतिकिलो ०.७५ ग्रॅम होती. रक्तातील क्षार, मूत्रपिंडाचे कार्य, हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन यांच्या तपासण्यांत औषधामुळे झालेला लक्षणीय बिघाड आढळला नाही. काही बालकांत यकृताच्या एका विकराची पातळी किंचित वाढलेली होती, पण ती तात्पुरती ठरली. पातळ शौच, पोट फुगणे व पोटदुखी हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम असून मात्रा कमी केल्यावर ते बहुधा थांबतात.

## इथिलीन ग्लायकॉलविषयीची शंका

नावातील साम्यामुळे हे औषध आणि वाहनांच्या शीतकात वापरले जाणारे विषारी इथिलीन ग्लायकॉल यांची गल्लत होते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे अनेक लहान घटकांच्या जोडणीतून बनलेले वेगळे संयुग आहे आणि पचनमार्गात त्याचे तुकडे होऊन इथिलीन ग्लायकॉल तयार होत नाही. मात्र उत्पादनप्रक्रियेत मागे राहिलेली लहान रेणूंची अल्प भेसळ त्यात असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००८ साली केलेल्या चाचणीत अशी अल्प भेसळ आढळली होती. काही पालकांनी आपल्या मुलांच्या वर्तनातील बदलांच्या तक्रारीही नोंदवल्या. त्या बदलांचे कारण हे औषधच असल्याचे सिद्ध झालेले नाही.

या शंकेच्या संदर्भात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे औषध नियमित घेणाऱ्या ९ बालकांच्या रक्ताची तुलना ते न घेणाऱ्या १८ बालकांशी करण्यात आली. औषध घेण्यापूर्वी दोन्ही गटांतील इथिलीन ग्लायकॉलच्या पातळीत फरक नव्हता. अत्यल्प इथिलीन ग्लायकॉल औषध न घेणाऱ्या बालकांच्या रक्तातही आढळते. १७ ग्रॅम मात्रेनंतर ही पातळी सुमारे दीड तासाने वाढली आणि तीन तासांत पूर्वपदावर आली. तिचे सर्वोच्च मूल्यही विषारी मानल्या जाणाऱ्या पातळीच्या शंभराव्या भागाहून कमी होते. हा अभ्यास लहान होता आणि त्यात रक्तातील पातळी मोजली गेली. वर्तनावरील परिणामांची ती तपासणी नव्हती.

अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या उत्पादनाच्या वेष्टनावर १७ वर्षांवरील व्यक्तींनी सात दिवसांपर्यंत वापरावे, अशी सूचना असते. ही मर्यादा स्वतःच्या निर्णयाने औषध घेण्यासाठी आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ स्वतःच्या देखरेखीखाली ते अधिक काळ देतात. ब्रिटनमध्ये दोन वर्षांवरील बालकांच्या जुनाट बद्धकोष्ठतेसाठी या औषधाच्या बालपुडीस रीतसर परवाना आहे.

## देखरेखीचे महत्त्व

औषध सुरक्षित असले, तरी बद्धकोष्ठतेमागे अन्य आजार असल्यास ते त्याची लक्षणे झाकू शकते. जन्मानंतर पहिला मळ ४८ तासांहून उशिरा होणे, पहिल्या महिन्यातच बद्धकोष्ठता सुरू होणे, हिरवट उलटी, पोट फार फुगणे, वजन न वाढणे किंवा पायांत अशक्तपणा असणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. त्यांत मोठ्या आतड्यातील मज्जापेशींचा जन्मजात अभाव, कंठस्थ ग्रंथीचा विकार किंवा मणक्यातील दोष यांचा शोध घ्यावा लागतो. आतड्यात अडथळा असल्यास हे औषध देत नाहीत. औषधाची अ‍ॅलर्जी दुर्मीळ असली, तरी ती तीव्र असू शकते.

गिळण्यास त्रास असणाऱ्या बालकांत द्रावण श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा बालकांच्या पेयात स्टार्चयुक्त घट्टकारक मिसळलेला असल्यास पॉलिइथिलीन ग्लायकॉलमुळे तो पातळ होतो आणि धोका वाढतो.

देखरेखीत झिरपणाऱ्या मळाचा अर्थ लावणेही महत्त्वाचे ठरते. वारंवार थोडा पातळ मळ कपड्यांना लागत असेल, मोठे शौच होत नसेल आणि पोटाला कठीण गोळा लागत असेल, तर आत मळ साठलेला असण्याची शक्यता अधिक असते. त्यास जुलाब समजून औषध थांबवल्यास साठा वाढतो. याउलट, भरपूर पाणीदार शौच होऊन तोंड कोरडे पडत असेल व लघवी कमी होत असेल, तर मात्रा जास्त झालेली असते. तेव्हा औषध थांबवून निर्जलीकरणाकडे लक्ष द्यावे लागते.

## उपचार थांबवणे

२०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार देखभालीचा टप्पा किमान दोन महिने चालतो आणि सर्व लक्षणे थांबून किमान एक महिना लोटल्यानंतरच औषध कमी करण्यास सुरुवात होते. मात्रा एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवतात. शौचाची सवय अद्याप लागत असलेल्या बालकांत ती पक्की होईपर्यंत औषध चालू ठेवतात. सुमारे निम्मी बालके ६ ते १२ महिन्यांत बरी होऊन औषधाविना राहू शकतात. उर्वरित बालकांना ते अधिक काळ घ्यावे लागते. मात्रा कमी करताना मळ पुन्हा कठीण झाल्यास आधीच्या मात्रेवर परत जाऊन काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न केला जातो.