आधी नाव, मग गट

शोधपेटीत ‘तुकाराम’ एवढाच शब्द टाकला, तर उत्तरांच्या एकाच लांब यादीत देहूचे देवस्थान, अभंगांची गाथा, प्रभातचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’, पालखीचे वेळापत्रक आणि 26/11च्या हल्ल्यात कसाबला धरताना प्राण देणारे पोलीस तुकाराम ओंबळे, असे सगळे सरमिसळ होऊन येते. क्रम लावणारे यंत्र त्यातले सर्वांत संभाव्य ते वर आणते. नेमके काय हवे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे त्यावर भागते. पण ज्याला विषयाचा आवाकाच पाहायचा आहे, त्याला चाळिसाव्या ओळीवर काय दडले आहे हे कळत नाही. अशा वेळी आलेल्या उत्तरांचेच विषयवार गट पाडून प्रत्येकाला नाव द्यावे, ही कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या मंडळींनी 1992 मध्ये ‘स्कॅटर/गॅदर’ या नावाने ती मांडली होती.

त्या पद्धतीत आधी शब्दांच्या साम्यावरून मजकुरांचे गट पडत आणि नंतर त्यात ठळक दिसणारे शब्द गटाची ओळख म्हणून दाखवले जात. अडचण इथेच होती. ‘देहू, वारी, सोहळा, दिंडी, मार्ग’ अशी शब्दांची माळ हे नाव नव्हे. गट गणिताने कितीही चोख पडला, तरी त्यात काय आहे हे वाचकाला एका नजरेत समजले नाही, तर तो गट उघडत नाही. पोलंडमधल्या पोझ्नान तंत्रविद्यापीठात दाविद वाइस यांनी ‘कॅरट-टू’ हा मुक्त प्रकल्प सुरू केला होता. त्यासाठी स्तानिस्वाव ओसिन्स्की यांनी ‘लिंगो’ ही रीत रचली आणि हा क्रमच उलटवला. आधी वाचण्याजोगी नावे शोधायची, मग मजकूर त्या नावांखाली नेऊन ठेवायचे. या सगळ्या प्रयत्नांतली निर्णायक कल्पना मला हीच वाटते.

तिचे काम ‘तुकाराम’वर पाहू. समजा, शंभर उत्तरांची शीर्षके आणि त्यांखालचे दोन-तीन ओळींचे उतारे हाती आले. लिंगो त्यांतले पुन्हापुन्हा येणारे शब्दसमूह वेचते. समूह वाक्याची हद्द ओलांडत नाही, ‘आणि’, ‘आहे’ अशा शब्दांनी सुरू होत वा संपत नाही आणि पूर्ण असावा लागतो. ‘पालखी सोहळा’ जिथे जिथे येतो तिथे त्यामागे ‘देहू ते पंढरपूर’ असेलच, तर तुटका तुकडा न घेता अख्खा समूह घेतला जातो. नुसते ‘तुकाराम’ हे नाव बाद होते, कारण ते सगळ्यांनाच लागू पडते. मग कोणता शब्द कोणत्या उताऱ्यात किती वजनाचा आहे याचा तक्ता मांडून, एका गणिती विघटनाने त्यातले मुख्य विषयप्रवाह वेगळे काढले जातात. प्रत्येक प्रवाहाला सर्वांत जवळचा शब्दसमूह हे त्याचे नाव ठरते आणि फार सारख्या नावांतले एकच उरते. शेवटी प्रत्येक नाव हीच जणू नवी शोधविनंती मानून उतारे त्याखाली येतात. एक उतारा दोन गटांतही बसू शकतो, आणि कुठेच न बसलेले ‘इतर’मध्ये जातात.

अशा आपोआप गट पाडण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप संशोधक मार्टी हर्स्ट यांचा आहे. त्यांनी स्वतः स्कॅटर/गॅदरवर काम केले होते, म्हणून तो अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. त्यांचे म्हणणे असे, की आपोआप पडलेले गट बेभरवशाचे असतात. एका गटाचे नाव व्यक्तीचे, दुसऱ्याचे गावाचे, तिसऱ्याचे घटनेचे, अशा वेगवेगळ्या पातळ्या मिसळतात, आणि लोकांना माणसांनी आखलेले ठरीव वर्ग अधिक पटतात. हे खरे आहे. जिथे ग्रंथपालांनी लेखक, काळ, प्रकार अशा नोंदी केल्या आहेत, तिथे त्याच वापराव्यात. पण बहुतेक संग्रहांना अशा नोंदी नसतात. वृत्तपत्राची जुनी कात्रणे किंवा न्यायनिवाड्यांचे ढीग कोणी हाताने वर्गवार लावलेले नसतात. विषयाचा आवाका दाखवण्याचे काम शोधपेटीखाली येणाऱ्या सूचनांनी होते, असेही म्हणतात. त्या सूचना मुख्यतः इतरांनी पूर्वी काय विचारले यावरून येतात. संग्रहात आहे पण कोणी विचारलेच नाही, ते त्यांत उमटणे अवघड.

मर्यादा मात्र मान्य करायला हव्यात. लिंगोतले ते गणिती विघटन महाग असल्याने ही रीत शेकडो उताऱ्यांसाठी आहे, लाखोंसाठी नव्हे. मराठीत त्याहून मोठी अडचण रूपांची आहे. ‘तुकारामांचे अभंग’, ‘तुकारामांच्या अभंगांत’, ‘तुकोबांच्या अभंगांचा’ ही यंत्राला तीन वेगळी रूपे दिसतात, त्यामुळे एकही पुरेशा वेळा येत नाही आणि नाव घडतच नाही. अभंगांवरचे उतारे मग ‘इतर’मध्ये साचतात. तो गट फुगू लागला, की दोष गणिताचा नसून भाषेच्या तयारीचा आहे अशी शंका घ्यावी. विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूपे ओळखून मूळ शब्दाशी नेणारे नियम आणि वगळायच्या शब्दांची चोख यादी, एवढी तयारी लागते. प्रत्यय काढूनही ‘तुकोबा’ आणि ‘तुकाराम’ एकच हे यंत्राला कळणार नाही. त्यासाठी पर्यायी नावांची वेगळी यादी हवी. कॅरट-टूची आज्ञावली सर्वांना खुली आहे. मराठी व्याकरण जाणणाऱ्यांनी आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी मिळून हे नियम आणि या याद्या तयार कराव्यात.