खिळ्यावर झुलणारी चकती

10 सेंटिमीटर त्रिज्येची, सगळीकडे सारख्या जाडीची प्लायवूडची चकती घ्या. अगदी कडेला बारीक भोक पाडून ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा आणि हलकासा झोका द्या.

चकती केंद्रातून जाणाऱ्या लंब अक्षाभोवती फिरली, तर तिचे जडत्व आघूर्ण ½MR² असते. खिळ्याचा अक्ष त्याला समांतर, पण R अंतरावर आहे. समांतर अक्ष प्रमेय सांगते, की वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे MR², त्यात मिळवा. बेरीज झाली 3/2 MR², तिप्पट! अक्ष कडेला सरकवताच तीच चकती फिरवायला इतकी जड जाते.

हे घड्याळ लावून तपासता येते. या हिशेबाने दहा झोक्यांना सुमारे 7.8 सेकंद लागायला हवेत. वस्तुमान सूत्रातून गळून पडते, त्यामुळे वजनकाट्याची गरजच नाही. झोका मात्र लहान ठेवा.

विद्यार्थी चुकतात ते वेगळ्याच जागी. कडेच्या एका बिंदूवरून थेट समोरच्या बिंदूवर उडी मारून ते 3/2 MR² मध्ये 4MR² मिळवतात आणि 11/2 MR² काढतात. सममितीमुळे तिथेही उत्तर 3/2 MR² हेच आहे. बेरजेची सुरुवात नेहमी वस्तुमानकेंद्रातून जाणाऱ्या अक्षापासूनच करायची.