मुलांची उंची आणि ९९९८ हा आकडा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांची उंची आणि वजन मोजले जाते. प्रत्येक मूल त्याच्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यमानापासून किती प्रमाण विचलन दूर आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरून काढतात. या अंतराला झेड-गुण म्हणतात. उंचीचा झेड-गुण उणे दोनच्या खाली असेल, तर मूल खुजे धरले जाते.

पहिली तपासणी अशक्य नोंदींची. दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटीमीटर असते आणि एक प्रमाण विचलन सुमारे तीन सेंटीमीटरचे. समजा ८५.७ ऐवजी ५८.७ लिहिले गेले, तर झेड-गुण उणे नऊच्याही खाली जातो. उंचीसाठी उणे सहा ते अधिक सहा ही मर्यादा ठरलेली आहे. तिच्याबाहेरची नोंद हिशेबातून वगळतात. अंक उलटे पडल्याचा संशय आला, तरी मूळ प्रश्नावली पाहिल्याशिवाय ८५.७ लिहू नये, कारण चूक वय लिहितानाही झालेली असू शकते.

उणे चार मात्र वेगळे. अशी मुले खरोखर असतात, आणि पाहणी मुळात त्यांच्यासाठीच असते. केवळ इतरांपासून दूर आहेत म्हणून या नोंदी काढल्या, तर कागदावर कुपोषण घटते. अशा वेळी त्या मुलाचे वजन आणि वय जुळते का, एकाच मापकाच्या नोंदींमध्ये टोकाचे आकडे पुन्हा पुन्हा येतात का, हे पाहावे.

सर्वात घातक चूक सांकेतिक अंकांची. या सर्वेक्षणाच्या संगणकीय फायलीत झेड-गुण शंभराने गुणून ठेवलेले असतात. उणे दीड म्हणजे -१५०. मर्यादेबाहेरच्या मुलांपुढे ९९९८ असते. तो झेड-गुण नव्हे, निव्वळ खूण आहे. शंभरपैकी ९८ मुलांची सरासरी उणे दीड असेल आणि दोघांपुढे ही खूण राहून गेली, तर शंभराने भागल्यावर ती ९९.९८ अशी मोजली जाते आणि सरासरी थेट अधिक ०.५३ वर पोहोचते. दोन नोंदींमुळे खुजी मुले जागतिक मानकापेक्षा उंच ठरतात! म्हणून सरासरी काढण्याआधी सर्वात लहान आणि सर्वात मोठी किंमत पाहावी आणि असे अंक ‘माहिती नाही’ म्हणून नोंदवावेत.

काही विसंगती मात्र दोन रकाने शेजारी ठेवल्यावरच दिसतात. दोन वर्षांखालील मुलाला झोपवून मोजायचे असते. तसे मूल उभे करून मोजल्याची नोंद असेल, तर मापात ०.७ सेंटीमीटर मिळवतात, कारण उभे राहिल्यावर उंची तेवढी कमी भरते. वये १२, २४, ३६ महिन्यांवर गर्दी करत असतील, तर ती अंदाजाने सांगितलेली असण्याची शक्यता मोठी. हा दोष संगणकावर दुरुस्त होत नाही. निष्कर्षासोबत त्याचा उल्लेख करावा लागतो.