पाच आधी, दोन नंतर

डिजिटल घड्याळात तास आणि मिनिटं यांच्यामध्ये दोन ठिपके लुकलुकत असतात. अर्धा सेकंद पेटतात, अर्धा सेकंद विझतात. हा अर्धा-अर्धा वाटा आपोआप पडत नाही. घड्याळ जुन्या पद्धतीच्या सुट्या आयसींचं असेल, तर तो वाटा कुणीतरी विचार करून पाडलेला असतो, आणि तो पाडण्याची युक्ती फक्त एका वायरीच्या जागेत असते.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. घड्याळाला हवा सेकंदाला एक ठोका. म्हणजे ५० ने भागायचं, आधी ५ ने आणि मग १० ने. १० ने भागायचं काम अनेक वर्षं ७४९० या नंबरच्या आयसीने केलं आहे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत डिजिटलचा विषय घेतलेल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी ब्रेडबोर्डवर खोचलेली असते. चौदा पायांची, पाच व्होल्टवर चालणारी ही आयसी. तिला सरसकट ‘दहाचा काउंटर’ म्हणतात, पण तिच्या पोटात एक सलग काउंटर नाहीच. दोन वेगळे काउंटर आहेत. एक फ्लिपफ्लॉप एकटाच बसलेला आहे, तो २ ने भागतो. दुसरीकडे तीन फ्लिपफ्लॉप मिळून ५ ने भागतात. या दोघांना जोडणारी वायर आतून दिलेली नाही. ती आपण बाहेरून जोडायची. आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवायचा अधिकार बनवणाऱ्याने आपल्या हातात ठेवला आहे.

नेहमीच्या पद्धतीत पल्स आधी २ च्या भागाला देतात, म्हणजे पिन १४ वर. त्याचं आउटपुट, क्यूए, पिन १२ वर मिळतं. ते पिन १ वर, ५ च्या भागाच्या इनपुटला जोडतात. मग क्यूए, क्यूबी, क्यूसी, क्यूडी ही चार आउटपुटं मिळून ० ते ९ असे साध्या बायनरीतले आकडे मोजतात. आकडा दाखवायचा असेल तर हेच बरोबर आहे. पण दहा पल्सना एक ठोका म्हणून क्यूडी वापरला, तर काय होतं ते पाहा. क्यूडीची किंमत ८. म्हणजे ० पासून ७ पर्यंत तो शून्यावर बसून राहतो आणि फक्त ८ आणि ९ या दोन आकड्यांना वर येतो. दहांतले दोन. एका आवर्तनातला किती हिस्सा आउटपुट वर असतं याला ड्युटी सायकल म्हणतात. इथे ती २० टक्के झाली. याच्यावर ठिपके लावले तर ते ०.२ सेकंद चमकतील आणि ०.८ सेकंद गायब होतील. घड्याळ वेळ अचूक दाखवेल, पण ठिपके दचकल्यासारखे दिसतील.

यात चूक ५ ची नाही, ५ च्या जागेची आहे. पाच पल्सचे दोन समान पूर्ण भाग होत नाहीत, म्हणून पाचने भागणाऱ्याचं आउटपुट लंगडंच असणार. ७४९० मधला क्यूडी पाचांपैकी एकाच पल्सभर वर असतो. अशा लंगड्या भागाला शेवटी ठेवलं, तर शेवटचं आउटपुटही लंगडंच निघतं.

आता वायर फिरवा. येणारे पल्स पिन १ वर, म्हणजे आधी ५ च्या भागाला द्या. त्याचं शेवटचं आउटपुट क्यूडी, पिन ११, हे पिन १४ ला जोडा. आणि उत्तर घ्या पिन १२ वरून, क्यूए मधून. या रचनेला बाय-क्विनरी म्हणतात. तिचं मर्म एवढंच की २ ने भागणारा फ्लिपफ्लॉप सर्वांत शेवटी आला. हा फ्लिपफ्लॉप एकच गोष्ट जाणतो: इनपुट वरून खाली पडलं की आपली बाजू पालटायची. इनपुट किती वेळ वर होतं, किती वेळ खाली होतं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पडण्याच्या दोन क्षणांमधलं अंतर सारखं असलं की तो सारखाच काळ वर आणि सारखाच काळ खाली राहतो.

घड्याळाचाच हिशेब पुरा करू. दोन ७४९० घ्या. पहिलीचा फक्त ५ चा भाग वापरायचा: ५० हर्ट्झचे पल्स पिन १ वर, आउटपुट पिन ११ वर. तिथे १० हर्ट्झ मिळतात, पण २० मिलिसेकंद वर आणि ८० मिलिसेकंद खाली अशा वाकड्या आकाराचे. ते दुसऱ्या आयसीच्या पिन १ वर न्या. तिथे पिन ११ ते पिन १४ ही वायर आहे. दुसरीचा क्यूडी चार पल्सभर, म्हणजे ४०० मिलिसेकंद खाली राहतो, १०० मिलिसेकंद वर येतो आणि पडतो. म्हणजे दर ५०० मिलिसेकंदांनी तो एकदा पडतो, आणि तो पडला की क्यूए पालटतो. अर्धा सेकंद वर, अर्धा सेकंद खाली. वाटेत दोनदा आकार बिघडला आणि शेवटच्या पायरीवर तो सरळ झाला. क्यूडी आणि क्यूए या दोन्हींवर एकेक एलईडी लावून पाहिलं तर हे डोळ्यांनी दिसतं. ७४एलएस९० ला वरच्या पातळीवर फारसा करंट देता येत नाही, म्हणून एलईडी पाच व्होल्टकडून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून आउटपुटकडे जोडावा. तो आउटपुट खाली असताना पेटेल. क्यूडीचा एलईडी त्यामुळे उलटा, बराच वेळ पेटलेला दिसतो. क्यूएला मात्र उलटंसुलटं सारखंच.

दोन आणि पाच अशी दहाची फोड माणसाने फार आधीपासून केलेली आहे. मुलांच्या अ‍ॅबॅकसच्या वर्गात जी जपानी पाटी वापरतात, तिच्या प्रत्येक दांड्यावर आडव्या पट्टीच्या वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार मणी असतात. १९५३ मध्ये जाहीर झालेला आयबीएम ६५० हा संगणकही प्रत्येक दशमान अंक याच पद्धतीने धरत असे: दोन स्थानं ‘पाचाच्या आत की पुढे’ हे सांगायला, आणि पाच स्थानं त्यातला आकडा सांगायला. आपल्या उलट्या जोडलेल्या ७४९० मध्येही तेच झालं आहे. क्यूएची किंमत आता १ राहिली नाही, ५ झाली.

किंमत बदलल्याची एक फार सुंदर खूण आहे. या रचनेतली चारही आउटपुटं नेहमीच्या क्रमाने ७४४७ डिकोडरला देऊन आकडा दाखवणारा डिस्प्ले लावा. डिकोडर बिचारा क्यूएला अजून १ च समजतो. म्हणून डिस्प्लेवर दिसतं: ०, २, ४, ६, ८ आणि मग १, ३, ५, ७, ९. सगळे सम आकडे आधी, सगळे विषम नंतर. पहिल्या पाच पल्सना क्यूए खाली होता, पुढच्या पाचांना वर, हे याहून स्पष्ट कुठल्या आलेखातही दिसत नाही. मोजायच्या काउंटरवर कधी हा क्रम दिसला, तर आयसी बदलू नका. पिन १ आणि पिन १४ यांची जोडणी उलटी झालेली आहे.

खरे घोटाळे दुसरीकडे होतात. पहिला पुरवठ्याचा. या घराण्यातल्या बऱ्याच चौदा पायी आयसींना पुरवठा पिन १४ वर आणि ग्राउंड पिन ७ वर असतो, त्यामुळे हाताला तीच सवय लागलेली असते. ७४९० ला पाच व्होल्ट पिन ५ वर आणि ग्राउंड पिन १० वर द्यावा लागतो. दुसरा घोटाळा रीसेटचा. पिन २ आणि ३ दोन्ही वर गेल्या की काउंटर शून्यावर येतो. पिन ६ आणि ७ दोन्ही वर गेल्या की तो ९ वर जाऊन बसतो. टीटीएल आयसीची मोकळी सोडलेली पिन स्वतःला ‘वर’ समजते. म्हणून या चारही पिना ग्राउंडला जोडाव्याच लागतात. त्या मोकळ्या राहिल्या तर ९ ची आज्ञा ० च्या आज्ञेवर मात करते, आणि क्यूए व क्यूडी वर, क्यूबी व क्यूसी खाली अशी सगळी गाडी थिजते. इनपुटला पल्स येत आहेत आणि आउटपुटं नेमकी अशी थिजलेली आहेत, तर आधी पिन ६ आणि ७ पाहाव्यात.

तिसरा घोटाळा घड्याळातच भेटतो. ट्रान्सफॉर्मरकडून येणारी ५० हर्ट्झची लाट हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. ७४९० ला कडा तीव्र हवी. मंद उतारावर थोडासा गोंगाट मिसळला की एकाच उतरणीला ती दोन-तीन पल्स समजते. ठिपके मग सेकंदाच्या आत आणि वाकड्यातिकड्या लयीत लुकलुकतात. मधे ७४१४ हा श्मिट ट्रिगर घातला की कडा धारदार होते आणि हा त्रास थांबतो. इनपुटचा आकार कसाही असला तरी चालतो, पण पल्सची संख्या चुकली तर ५० टक्क्यांची हमी राहत नाही.

ऑसिलोस्कोप नसेल तर साध्या मल्टिमीटरवरही ड्युटी सायकल तपासता येते. त्यासाठी आउटपुट हजार हर्ट्झच्या आसपास असावं, म्हणजे मीटर सरासरी दाखवतो. क्यूए वर थांबलेला असताना आणि खाली थांबलेला असताना किती व्होल्ट येतात ते आधी मोजून ठेवायचं. चालू काउंटरवरचं वाचन त्या दोहोंच्या मधोमध आलं पाहिजे. नेहमीच्या पद्धतीतल्या क्यूडीवर ते तळापासून पाचव्या हिश्श्याइतकंच चढतं.

या सरळ आकाराची किंमत वेगात मोजावी लागते. ७४एलएस९० चा २ चा भाग ३२ मेगाहर्ट्झपर्यंतची हमी देतो, ५ चा भाग १६ पर्यंतच. नेहमीच्या पद्धतीत वेगवान पल्स २ च्या भागावर येतात आणि ५ च्या भागापर्यंत निम्मेच पोचतात. बाय-क्विनरीत मात्र सगळा मारा ५ च्या भागावरच होतो, म्हणून मर्यादा १६ मेगाहर्ट्झवर येते. २० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १० ने भागून समान आकार हवा असेल, तर ही आयसी या जोडणीत वापरू नये.

नव्या कामासाठी ७४एचसी३९० पाहावी. तिच्यात २ आणि ५ चे असे दोन संच आहेत आणि जोडणीची युक्ती हीच. फक्त घड्याळाचे ठिपकेच हवे असतील, तर सीडी४०१७ च्या पिन १२ वर, ० ते ४ ला वर आणि ५ ते ९ ला खाली असलेला हाच समान आकार वायर न फिरवता तयार मिळतो.