खाट १४ चा रेफरन्स

रात्रपाळीच्या वॉर्ड क्लार्कचं पहिलं काम म्हणजे फळ्यावरच्या 'पेंडिंग' नोंदी बघणं. कोणत्या डॉक्टरांना बोलावलंय, किती वाजता, आणि ते येऊन गेले का.

रात्री साडेबाराला सुनंदाताई फळा वाचत होत्या. 'खाट १४, फिजिशियन रेफरन्स, ९.४०.' म्हणजे जवळजवळ तीन तास कोणी आलंच नव्हतं. फोन करण्यासाठी त्यांनी १४ चा केस पेपर काढला, तर भरतीची वेळ ११.१५! पेशंट यायच्या आधीच त्याच्यासाठी डॉक्टर कसे बोलावले?

त्यांनी खाट बदलल्याच्या नोंदी काढल्या. आधीच्या आजोबांना साडेदहाला ऑक्सिजनसाठी खाट ३ वर हलवलं होतं. फळ्यावर मात्र १४ च राहिलं. ताईंनी स्वतःच्या मनाने काही खोडलं नाही. त्या सिस्टरना घेऊन खाट ३ कडे गेल्या, मनगटपट्टीवरचं नाव आणि इनडोअर नंबर पडताळला. सिस्टरनी आजोबांची तब्येत सांगून डॉक्टरांना पुन्हा बोलावलं, मग ताईंनी फळा दुरुस्त केला.

खाट बदलते, इनडोअर नंबर त्या भरतीपुरता तोच राहतो. म्हणून नोंदीत नाव, नंबर आणि वेळ हवीच. विनंती भरतीच्या आधीची दिसली, तर आधी खाट तपासा.