आधी सहगुणक पाहा, मग पद्धत ठरवा

दोन चलांची दोन समीकरणे समोर आली की बहुतेक मुले सवयीची पद्धत धरतात. कुणी आधी किंमत काढून ठेवतो, कुणी बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवतो. उत्तर दोन्हींनी एकच येते, पण मधली खटपट सारखी नसते. ती किती पडेल याचा अंदाज सहगुणक, म्हणजे x आणि y च्या मागचे आकडे पाहून येतो.

एखाद्या चलाचा सहगुणक 1 किंवा −1 असेल, तर ते चल सहज मोकळे होते. उदाहरणार्थ, y = 2x − 1 आणि 3x + 2y = 12. इथे y आधीच सुटा आहे. दुसऱ्या समीकरणात त्याची किंमत ठेवली की 3x + 2(2x − 1) = 12, म्हणजे 7x = 14. x = 2, y = 3. फक्त तो कंस विसरू नका. कंस न घालता 3x + 4x − 1 = 12 लिहिले की x = 13/7 असे विचित्र उत्तर येते.

आता 3x + 4y = 24 आणि 5x − 6y = 2 घ्या. इथे एकही सहगुणक 1 नाही. x सुटा करायला गेलात तर x = (24 − 4y)/3 येईल आणि अपूर्णांक शेवटपर्यंत पाठ सोडणार नाहीत. त्यापेक्षा y चा लोप करावा. 4 आणि 6 यांचा लसावि 12. पहिल्या समीकरणाला 3 ने आणि दुसऱ्याला 2 ने गुणा:

9x + 12y = 72
10x − 12y = 4

y ची चिन्हे विरुद्ध आहेत, म्हणून बेरीज करायची: 19x = 76, x = 4. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली की y = 3. x चाही लोप करता आला असता, पण तिथे चिन्हे सारखी असल्याने वजाबाकी करावी लागते आणि माझ्या मते सर्वाधिक गुण तिथेच जातात. गुणताना उजवी बाजू विसरणे ही दुसरी नेहमीची चूक. 72 ऐवजी 24 च राहिले, तर x = 28/19 येईल.

पूर्णांक आला नाही म्हणून उत्तर चुकलेच असे मात्र नाही. ताळा हाच खरा पुरावा. x वरून y ज्या समीकरणातून काढला, त्यातच ताळा केला तर x चुकलेला असला तरी तो जुळतोच. मघाच्या कंस विसरलेल्या उत्तरात y = 2x − 1 वरून y = 19/7 येतो आणि ते समीकरण समाधानी दिसते. 3x + 2y मात्र 12 ऐवजी 11 भरते. म्हणून ताळा नेहमी दुसऱ्या मूळ समीकरणात करा.